दोन रेषांमधलं अंतर

एकाच आलेखातून दोन वाक्यं काढता येतात. पहिलं: नव्या उपचारामुळे आयुष्य साधारण साडेतीन महिन्यांनी वाढलं. दुसरं: वर्षभरानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण सोळा टक्क्यांवरून त्रेचाळीस टक्क्यांवर गेलं. पहिलं वाक्य वाचून माणूस म्हणतो, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? दुसरं वाचून म्हणतो, अरे, हे तर अडीच पटीहून जास्त झालं! दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि एकाच अभ्यासातली आहेत.

हा अभ्यास मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधला. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, जानेवारी २०२३ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’च्या अंकात आलेला. तोंड, घसा, स्वरयंत्र या भागांतला कॅन्सर इतका पुढे गेलेला की बरा करण्याचा नव्हे, तर आयुष्य वाढवण्याचा आणि त्रास कमी करण्याचाच उपचार शक्य आहे, असे १५१ रुग्ण त्यात होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे जवळपास सारखे दोन गट पाडले. एका गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब अशी तोंडाने घ्यायची तीन औषधं दिली. दुसऱ्या गटाला तीच तीन औषधं, आणि शिवाय दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचं फक्त २० मिलिग्रॅमचं इंजेक्शन. निवोलुमॅबचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम असतो. म्हणजे सहा आठवड्यांत ७२० मिलिग्रॅम जायचे, तिथे इथे ४०. अठरावा हिस्सा! औषध महाग असल्यामुळे पूर्ण डोस परवडणारे रुग्ण आपल्याकडे फारच थोडे. म्हणून हा प्रयोग.

अशा प्रत्येक अभ्यासाचं सार एका चित्रात येतं. डावीकडे वरच्या कोपऱ्यातून दोन रेषा निघतात आणि पायऱ्या-पायऱ्यांनी उजवीकडे उतरत जातात. तिला सर्व्हायव्हल कर्व्ह किंवा काढण्याच्या पद्धतीवरून कॅप्लन-मायर कर्व्ह म्हणतात. एडवर्ड कॅप्लन टेलिफोनच्या केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती काळ टिकतात याचा हिशेब करत होते, पॉल मायर वैद्यकातला. दोघांनी वेगवेगळे लेख पाठवले, संपादकांनी दोघांना एकत्र बसवलं, आणि १९५८ साली एकच लेख छापून आला. ट्यूबचं आणि माणसाचं गणित एकच निघालं.

उभ्या अक्षावर जिवंत असलेल्यांचं प्रमाण असतं, वर शंभर टक्के, खाली शून्य. खाली खरंच शून्य आहे ना, एवढं मात्र आधी पाहून घ्यावं. अक्ष साठ टक्क्यांपासून सुरू केला की बोटभर फरकही हातभर दिसतो. आडव्या अक्षावर वेळ असते, पण ती कॅलेंडरमधली नव्हे. प्रत्येक रुग्ण ज्या दिवशी अभ्यासात आला, तो त्याचा शून्य दिवस. एकजण दिवाळीत दाखल झाला आणि दुसरा होळीला, तरी चित्रात दोघंही एकाच जागेवरून निघतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

रेषा खाली येते ती फक्त कुणाचा मृत्यू झाला तरच. दोन मृत्यूंच्या मधे ती अगदी सपाट चालते. म्हणून पायऱ्या. हजार रुग्णांच्या अभ्यासात पायऱ्या इतक्या बारीक असतात की रेषा गुळगुळीत दिसते. वीस रुग्णांच्या अभ्यासात त्या ठळक असतात. पायरीची उंची पाहूनही अभ्यास किती लहान आहे याचा अंदाज येतो.

आता त्या रेषेवर मधे मधे दिसणाऱ्या छोट्या उभ्या खुणा. काही चित्रांत त्या अधिकच्या चिन्हासारख्या असतात, काहींत नुसता टिंब. पहिल्यांदा पाहणारा त्यांना मृत्यू समजतो. प्रत्यक्षात उलट आहे. ती खूण म्हणजे असा रुग्ण, जो शेवटची बातमी मिळाली तेव्हा जिवंत होता, आणि त्यानंतरचं आपल्याला माहीत नाही. याला सेन्सॉरिंग म्हणतात.

माहीत नसण्याची कारणं वेगवेगळी असतात. सगळ्यात साधं कारण म्हणजे अभ्यासाचा हिशेब बंद करण्याची तारीख. टाटामधलाच आणखी एक गाजलेला अभ्यास घ्या, डॉ. अनिल डिक्रूझ यांचा, २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला. तोंडाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यात मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात की नंतर तिथे रोग दिसला तरच काढाव्यात, हा त्याचा प्रश्न. २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं रुग्ण दाखल होत होते. त्यातल्या पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा एका गटात ५० आणि दुसऱ्यात ७९ मृत्यू झाले होते. उरलेले ३७१ रुग्ण जीविताच्या रेषेवर सेन्सॉर झालेले. सुरुवातीला आलेल्यांची अनेक वर्षांची माहिती हाताशी, उशिरा आलेल्यांची थोडीशीच. यात कुणाची चूक नाही, काही लपवलेलं नाही. हिशेबाची तारीख सगळ्यांना एकच आणि शून्य दिवस प्रत्येकाचा वेगळा, एवढंच.

या अर्धवट माहितीचं करायचं काय? त्या रुग्णांना सोडून द्यावं, तर ते इतके महिने जगले ही पक्की माहिती वाया जाते. ते शेवटपर्यंत जगले असं धरावं, तर आपणच आपल्याला फसवतो. कॅप्लन आणि मायर यांनी काढलेली वाट सोपी आहे: ज्या दिवशी मृत्यू झाला, त्या दिवशी नजरेखाली किती रुग्ण होते एवढं पाहायचं आणि तेवढ्यांवरच भागायचं.

दहा रुग्णांचा एक काल्पनिक गट घेऊन हे करून पाहू. दुसऱ्या महिन्यात एकाचा मृत्यू. दहातले नऊ राहिले, रेषा ९० टक्क्यांवर. तिसऱ्या महिन्यात एकजण गावी गेला, संपर्क तुटला. रेषेवर खूण, पण रेषा जागची हलत नाही. पाचव्या महिन्यात दुसरा मृत्यू. आता नजरेखाली आठच होते, त्यातले सात राहिले. नव्वदचे सात अष्टमांश केले की येतात साधारण ७९ टक्के. पहिल्या मृत्यूने रेषा दहा अंशांनी उतरली होती, दुसऱ्याने अकराहून थोडी जास्त. सहाव्या, सातव्या आणि आठव्या महिन्यात आणखी तीन खुणा. नवव्या महिन्यात एक मृत्यू, तेव्हा नजरेखाली चारच माणसं. चारातले तीन राहिले, रेषा एकदम ५९वर. दहाव्या आणि अकराव्या महिन्यात दोन खुणा. उरला एकजण, आणि बाराव्या महिन्यात तोही गेला. एकातले शून्य राहिले. रेषा धाडकन तळाला.

चित्र पाहणाऱ्याला वाटेल की वर्षभरात सगळे गेले. मोजून पाहा: मृत्यू चारच आहेत. सहाजण शेवटची खबर मिळाली तेव्हा जिवंत होते. गणितात चूक नाही, पण शेवटच्या पायरीखाली एकच माणूस होता, आणि एका माणसावरून वर्षाचा निष्कर्ष काढायला गेलं की असं होतं. उलटही घडू शकतं. तो शेवटचा माणूस जिवंत राहिला असता तर रेषा ५९ टक्क्यांवर लांबवर सपाट धावली असती, आणि कुणीतरी म्हणालं असतं, बघा, साठ टक्के रुग्ण कायमचे वाचले! रेषेच्या उजव्या टोकाची सपाट शेपटी फार मोहात पाडणारी असते. तिच्यावर खुणाच खुणा असतील तर ती बऱ्या झालेल्या माणसांची नव्हे, अजून थोडाच काळ पाहिलेल्या माणसांची शेपटी असू शकते.

यावर उपाय चित्रातच दिलेला असतो, पण तो इतक्या बारीक टायपात असतो की वाचणारे तिकडे बघत नाहीत. आडव्या अक्षाच्या खाली आकड्यांच्या दोन ओळी असतात, प्रत्येक गटासाठी एक. त्या त्या महिन्याला किती रुग्ण नजरेखाली उरले होते, ते तिथे लिहिलेलं असतं. माझं मत विचाराल तर चित्र हातात आलं की आधी या दोन ओळी वाचाव्यात, रेषा नंतर. ज्या महिन्यापासून आकडा एकेरी होतो, त्याच्या उजवीकडचा भाग हाताने झाकून टाकला तरी फारसं नुकसान होत नाही.

सेन्सॉरिंगमध्ये खरी गडबड आणखी एका ठिकाणी असते. हे सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे: जो नजरेआड झाला, त्याचं पुढे साधारण तेच होईल, जे नजरेखाली राहिलेल्यांचं झालं. तारीख संपल्यामुळे सेन्सॉर झालेल्या रुग्णाच्या बाबतीत हे पटण्यासारखं आहे. पण मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये बिहार, बंगालहून आलेला रुग्ण प्रवासच झेपत नाही म्हणून यायचा थांबला असेल, तर? तो सरासरी रुग्ण नाही, तो जास्त आजारी आहे. त्याला सेन्सॉर केलं की रेषा खरी असायला हवी त्यापेक्षा वर राहते. म्हणून चांगल्या अभ्यासात रुग्ण आला नाही तर त्याच्या घरी फोन करून निदान तो हयात आहे की नाही, एवढं तरी विचारतात. मृत्यू ही लपून न राहणारी घटना असल्यामुळे जीविताच्या रेषेत हा दोष कमी असतो. जिथे मृत्यूऐवजी रोग वाढल्याची तारीख मोजतात, तिथे तो जास्त. औषधाचा त्रास सहन न होऊन रुग्ण अभ्यास सोडतो, पुढचं स्कॅन होतच नाही, आणि नकाशावर त्याची एक निरुपद्रवी खूण उरते.

हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या खुणा दोन्ही रेषांवर मोजायच्या. तारीख संपल्यामुळे पडणाऱ्या खुणा साधारणपणे उजवीकडे जास्त असतात आणि दोन्ही गटांत सारख्या पसरतात. एकाच रेषेवर, आणि तेही डावीकडे खुणांची दाटी दिसली, तर त्या गटातले लोक का निघून गेले हे लेखात शोधावं.

आता निवोलुमॅबच्या चित्राकडे परत येऊ. दोन रेषांमधलं अंतर दोन तऱ्हांनी मोजता येतं, आणि सुरुवातीची दोन वाक्यं त्यातूनच आली. उभ्या अक्षावर पन्नास टक्क्यांपाशी पट्टी आडवी धरा. ती एका रेषेला ६.७ महिन्यांवर कापते, दुसरीला १०.१ महिन्यांवर. हे मीडियन, म्हणजे निम्मे रुग्ण जाईपर्यंतचा काळ. दोहोंमधलं अंतर ३.४ महिने. आता पट्टी बारा महिन्यांपाशी उभी धरा. एक रेषा १६.३ टक्क्यांवर, दुसरी ४३.४ टक्क्यांवर. अंतर २७ अंश, म्हणजे शंभर रुग्णांमागे वर्षअखेर सत्तावीस जास्त माणसं जिवंत.

एक अंतर मामुली आणि दुसरं एवढं मोठं का? या चार आकड्यांतूनच रेषांचा आकार उमगतो. नुसत्या तीन औषधांचा गट ६.७ महिन्यांना पन्नास टक्क्यांवर होता आणि बाराव्या महिन्याला सोळावर. साडेपाच महिन्यांच्या आत चौतीस अंश घसरण. निवोलुमॅबचा गट दहाव्या महिन्याच्या आसपास पन्नासवर आला आणि बाराव्या महिन्याला अजून त्रेचाळीसवर टिकून होता. म्हणजे पन्नास टक्क्यांच्या खालच्या भागात रेषा आणखी फाकल्या आहेत. इम्युनोथेरपीच्या चित्रांत हे वारंवार दिसतं. औषध सगळ्यांना थोडं थोडं लागू पडत नाही. काहींना काहीच नाही आणि काहींना भरपूर. ज्यांना लागू पडतं ते रेषेच्या खालच्या, उजवीकडच्या भागात दिसतात, आणि मीडियन तिथपर्यंत पोचतच नाही. उलट डिक्रूझ यांच्या अभ्यासात तीन वर्षांनी दोन्ही रेषा पन्नासच्या खूप वर होत्या, ८० आणि ६७.५ टक्के. तिथे आडवी पट्टी धरून काही हाती लागत नाही, उभीच धरावी लागते: साडेबारा अंशांचं अंतर, म्हणजे मानेतल्या गाठी आधीच काढलेल्या दर आठ रुग्णांमागे एक जीव.

आता सत्तावीस अंशांचं अंतर किती माणसांवर उभं आहे ते पाहू. तीन औषधांच्या गटात साधारण पंचाहत्तर जण होते. त्यांचे १६.३ टक्के म्हणजे बारा. काहीजण सेन्सॉर झाले असतील तर वर्षाच्या टोकाला नजरेखाली बाराहून कमीच, जास्त नाहीत. दुसऱ्या गटात फार तर तेहतीस. इतक्या थोड्या माणसांवरून काढलेला टक्का किती हलू शकतो, हे संशोधकांनी सांगितलेल्या पल्ल्यावरून कळतं: १६.३ हा आकडा ८ ते २७.४ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो, आणि ४३.४ हा ३०.८ ते ५५.३ यांच्या दरम्यान. दोन पल्ले एकमेकांना शिवत नाहीत, म्हणून फरक खरा आहे असं मानायला भक्कम आधार आहे. पण तो नेमका सत्तावीसच आहे, यावर पैज लावू नये.

चित्राच्या कोपऱ्यात बहुधा तिसरा एक आकडा असतो, हॅझर्ड रेशो. इथे तो ०.५४५ आहे. त्याचा अर्थ असा की ज्या ज्या क्षणी दोन्ही गटांत जे जे जिवंत आहेत, त्यांच्यातला मृत्यूचा वेग निवोलुमॅबच्या गटात दुसऱ्याच्या साधारण पंचावन्न टक्के आहे. बातमीत याचं ‘मृत्यूचा धोका ४५ टक्क्यांनी घटला’ असं होतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की मरणाऱ्या शंभरांपैकी पंचेचाळीस वाचले. तसं नाही. हा वेगातला फरक आहे, शेवटच्या मोजणीतला नव्हे. पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये दोन्ही रेषा खालीच येतात, एक सावकाश येते. शिवाय हा एक आकडा चित्राच्या डावीकडून उजवीकडे जाताना होणारे सगळे बदल एका सरासरीत दाबून बसवतो.

ते दाबणं कधी अंगाशी येतं, याचं नामी उदाहरण म्हणजे ‘आयपास’ हा पूर्व आशियातला अभ्यास, २००९ साली प्रसिद्ध झालेला. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी गेफिटिनिबची गोळी विरुद्ध नेहमीची केमोथेरपी, रुग्ण १२१७. रोग न वाढता गेलेल्या काळाचे मीडियन ५.७ आणि ५.८ महिने, म्हणजे फरक नाहीच. पण बारा महिन्यांपाशी गोळीच्या गटात रोग न वाढलेले २४.९ टक्के आणि केमोच्या गटात ६.७. रेषा मधेच एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या. सुरुवातीला केमो वर, नंतर गोळी वर. ओलांडणाऱ्या रेषा दिसल्या की बहुतेकदा एका गटात दोन तऱ्हेचे रुग्ण मिसळलेले असतात. इथे तसंच निघालं. ज्यांच्या गाठीत ईजीएफआर जनुकाचा बदल होता, त्यांच्यात गोळीच्या बाजूने हॅझर्ड रेशो ०.४८, ज्यांच्यात तो नव्हता, त्यांच्यात २.८५, म्हणजे गोळी केमोपेक्षा बरीच वाईट. एकत्र काढलेला ०.७४ हा आकडा यांतल्या कुठल्याच रुग्णाचा नव्हता.

टाटाच्या चित्राबद्दल एक गोष्ट राहिली, आणि ती रेषांकडे कितीही निरखून पाहिलं तरी दिसत नाही. खालची रेषा कोणाची आहे? ती निवोलुमॅब अजिबात न मिळालेल्या रुग्णांची आहे, पूर्ण डोस मिळालेल्यांची नाही. त्यामुळे २० मिलिग्रॅम हे २४० मिलिग्रॅमच्या तोडीचे आहेत, असं हा आलेख म्हणत नाही, आणि तसं कुणी तुम्हाला सांगत असेल तर तो चित्रात नसलेली तिसरी रेषा वाचतो आहे. ज्याला पूर्ण डोस परवडत नाही, त्याच्यासाठी थोडा डोस हा काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ चांगला, एवढं मात्र हा आलेख ठामपणे सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांपुढे प्रश्नही तेवढाच असतो.